दहा बदलले, वीस टक्के वळण गेलं

ॲसिटोनमध्ये 2-आयोडोऑक्टेन नावाचा द्रव विरघळवायचा आणि त्यात सोडियम आयोडाइड टाकायचं. वरवर पाहता यातून काहीच निष्पन्न होऊ नये. रेणूवरचं आयोडीन सुटणार, त्याच्या जागी द्रावणातलं आयोडीन बसणार, म्हणजे आधी जो पदार्थ होता तोच नंतरही राहणार. साका बसत नाही, वायू सुटत नाही. पण सुरुवातीचं 2-आयोडोऑक्टेन एकाच ‘बाजूचं’ निवडून घेतलेलं असेल आणि हे द्रावण पोलॅरिमीटरच्या नळीत भरून अधूनमधून पाहिलं, तर उपकरणावरचा आकडा उतरत जातो आणि शेवटी शून्यावर येऊन थांबतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एडवर्ड ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 मध्ये नेमका हाच प्रयोग केला. किती आयोडीन बदललं ते एका बाजूनं मोजलं आणि आकडा किती वेगानं उतरतो ते दुसऱ्या बाजूनं. बारावीच्या रसायनशास्त्रात ‘एसएन-टू म्हणजे इन्व्हर्जन, एसएन-वन म्हणजे रेसिमायझेशन’ असं एक वाक्य पाठ करून घेतात. त्या वाक्यामागचा खरा पुरावा पाहायचा असेल तर या प्रयोगाइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. आणि गंमत अशी, की हाच प्रयोग ते वाक्य जसंच्या तसं वापरणं किती धोक्याचं आहे तेही दाखवतो.

आधी ‘बाजू’ म्हणजे काय ते पाहू. 2-आयोडोऑक्टेन ही आठ कार्बनांची साखळी. तिच्या दुसऱ्या कार्बनला चार वेगवेगळ्या गोष्टी जोडलेल्या असतात: एक आयोडीन, एक हायड्रोजन, एका अंगाला एकाच कार्बनचा मिथाइल गट आणि दुसऱ्या अंगाला सहा कार्बनांची शेपटी. कार्बनाचे चार बंध सपाट कागदावर नसतात, ते अवकाशात चार कोपऱ्यांकडे जातात. म्हणून या चार गोष्टी दोन रीतींनी मांडता येतात आणि त्या दोन मांडण्या डाव्या-उजव्या चपलांसारख्या असतात. माप तेच, पट्टे तेच, पण एक दुसरीच्या जागी बसत नाही. अशा कार्बनाला कायरल म्हणतात. दोन्ही रूपांचा उत्कलनबिंदू एकच, घनता एकच. फरक दिसतो तो ध्रुवित प्रकाशात. एक रूप प्रकाशाचं प्रतल घड्याळाच्या दिशेनं वळवतं, दुसरं तितकंच उलट्या दिशेनं. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले की वळण शून्य होतं, आणि त्या मिश्रणाला रेसिमिक म्हणतात. पोलॅरिमीटर हे वळण अंशांत मोजतो.

आता कार्बनावरचा हॅलोजन जाऊन दुसरं काही येण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत येणारा आणि जाणारा एकाच क्षणी भेटतात. येणारा ऋण आयन हॅलोजनच्या बरोबर पाठीमागून, सरळ रेषेत कार्बनाजवळ येतो. तो जसजसा जवळ सरकतो तसतसा पलीकडचा हॅलोजन सैल होतो आणि मधले उरलेले तीन बंध एका प्रतलात येतात. मग ते त्या प्रतलाच्या पलीकडे जातात आणि हॅलोजन सुटतो. मधल्या अवस्थेत कार्बनाभोवती पाच गोष्टी असतात, दोन अर्धवट जोडलेल्या आणि तीन पक्क्या. ही अवस्था वेगळी काढून बाटलीत भरता येत नाही, ती वाटेवरची सर्वांत उंच जागा आहे. या वाटेनं गेलेल्या प्रत्येक रेणूची मांडणी उलटते. दोघे लागतात म्हणून ही द्विरेणवी वाट, म्हणजेच एसएन-टू. येणाऱ्या आयनाचं प्रमाण दुप्पट केलं की वेगही दुप्पट होतो.

दुसऱ्या वाटेत हॅलोजन आधी एकटाच निघून जातो. मागे राहतो धनभारित कार्बन, त्याचे तीन बंध एकाच प्रतलात, आणि त्या प्रतलाच्या दोन्ही बाजू मोकळ्या. येणारा या बाजूनंही येऊ शकतो, त्या बाजूनंही. सपाट कार्बनाला पूर्वीची मांडणी ‘आठवत’ नाही, त्यामुळे दोन्ही रूपं सारखी तयार व्हावीत अशी अपेक्षा. ही एकरेणवी वाट, एसएन-वन. इथे वेग ठरतो तो हॅलोजन निघण्याच्या पायरीवर, म्हणून येणाऱ्याचं प्रमाण वाढवलं तरी वेग जवळपास तोच राहतो. या दोन्ही वाटा नावांनिशी वेगळ्या करण्याचं काम ह्यूज आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी ख्रिस्टोफर इनगोल्ड यांनी 1930 च्या दशकात केलं.

पण कागदावर चित्र काढणं आणि प्रयोगातून सिद्ध करणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कुठे होतं हे समजायला आणखी मागे, 1896 मध्ये जावं लागतं. रीगामध्ये काम करणाऱ्या पॉल वाल्डेन यांनी डाव्या वळणाच्या मॅलिक ॲसिडवर फॉस्फरस पेंटाक्लोराइडची क्रिया केली, तेव्हा उजव्या वळणाचं क्लोरोसक्सिनिक ॲसिड मिळालं. त्यावर पाण्यात सिल्व्हर ऑक्साइडची क्रिया केली, तेव्हा उजव्या वळणाचं मॅलिक ॲसिड हाती आलं. तेच दोन टप्पे पुन्हा केले की परत मूळ डाव्या वळणाचं. म्हणजे एका फेरीत मांडणी उलटली हे नक्की. प्रश्न होता, दोनपैकी कुठल्या टप्प्यात?

वळणाचं चिन्ह या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि हे मला इथे ठासून सांगावंसं वाटतं, कारण चूक इथेच होते. मॅलिक ॲसिड आणि क्लोरोसक्सिनिक ॲसिड हे दोन वेगळे पदार्थ आहेत. एकाचं वळण उणे आणि दुसऱ्याचं अधिक, एवढ्यावरून मांडणी उलटली असं म्हणता येत नाही. वेगवेगळ्या पदार्थांत वळणाची दिशा मांडणीशी ठरावीक नात्यानं बांधलेली नसते. पाठ्यपुस्तकांत 2-ब्रोमोऑक्टेनचं उदाहरण हमखास येतं: शुद्ध उणे रूप घ्या, ज्याचं वळण सुमारे उणे 34 अंश, त्यावर हायड्रॉक्साइडची क्रिया करा, अधिक 9.9 अंशांचं 2-ऑक्टेनॉल मिळतं. इथे मांडणी खरोखरच उलटलेली आहे. पण ती उलटली हे उणेचं अधिक झालं म्हणून कळलेलं नाही. ब्रोमाइड आणि अल्कोहोल यांच्या मांडण्यांचं नातं आधी स्वतंत्रपणे शोधून काढावं लागलं.

ते नातं शोधण्याची एक सुरेख युक्ती हेन्री फिलिप्स यांनी 1923 मध्ये दाखवली. त्यांनी एक कायरल अल्कोहोल घेतलं, बेंझाइल मिथाइल कार्बिनॉल, वळण अधिक 33 अंश. आधी त्याचं टोसिलेट केलं. या पायरीत ऑक्सिजनला पलीकडून गट चिकटतो, कार्बन-ऑक्सिजन बंधाला हातही लागत नाही, म्हणून मांडणी बदलूच शकत नाही. मग पोटॅशियम ॲसिटेट वापरून टोसिलेटच्या जागी ॲसिटेट आणलं. शेवटी ॲसिटेटचं पुन्हा अल्कोहोल केलं, आणि याही पायरीत कार्बन-ऑक्सिजन बंध तुटत नाही. हाती आलेल्या अल्कोहोलचं वळण उणे 32 अंश. सुरुवात आणि शेवट एकाच पदार्थाचे, म्हणून आता चिन्हाला अर्थ आला. तीनपैकी दोन पायऱ्या निर्दोष, तेव्हा उलटापालट मधल्या पायरीतच झाली, आणि तीही जवळजवळ संपूर्ण.

वाल्डेन यांच्या फेरीचं कोडंही पुढे सुटलं. फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या टप्प्यात मांडणी उलटते, सिल्व्हर ऑक्साइडच्या टप्प्यात ती टिकते. टिकते, कारण रेणूतलाच शेजारचा ॲसिड गट क्लोरीनच्या पाठीमागून आधी आत येतो, आणि मग पाणी त्याला पाठीमागून बाजूला सारतं. दोनदा उलटलं की मूळ मांडणी परत येते.

आता 1935 कडे परत येऊ. ह्यूज यांच्या गटाला विचारायचं होतं, की प्रत्येक आयोडाइड बदलताना मांडणी उलटते का? ‘एकंदरीत बरीच उलटते’ यावर त्यांचं समाधान नव्हतं, प्रत्येक वेळी उलटते का ते हवं होतं. त्यासाठी येणारा आणि जाणारा दोघेही आयोडीन निवडणं ही शहाणपणाची गोष्ट होती. सुरुवातीचा आणि शेवटचा पदार्थ एकच, त्यामुळे फिलिप्स यांना तीन पायऱ्यांत जे साधावं लागलं ते इथे आपोआप साधलं. अडचण एकच होती: आयोडीनच्या जागी आयोडीन आलं हे ओळखायचं कसं? तिथे किरणोत्सार कामाला आला. कृत्रिम किरणोत्सारी मूलद्रव्यं बनवण्याची वाट 1934 मध्येच खुली झाली होती. न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीनचं किरणोत्सारी रूप मिळवता येत होतं आणि ते सोडियम आयोडाइडच्या रूपात वापरता येत होतं. त्याचा अर्धायुष्यकाळ मात्र 25 मिनिटं, म्हणजे काम भराभर उरकायला हवं. ठरावीक वेळानं द्रावण काढायचं, सेंद्रिय आयोडाइड क्षारापासून वेगळं करायचं आणि त्यात किती किरणोत्सार शिरला ते मोजायचं. जितका शिरला, तितकी अदलाबदल झाली.

इथे कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करू. समजा 100 रेणू आहेत, सगळे एकाच बाजूचे, आणि त्यांचं वळण म्हणजे 100 टक्के. त्यांतल्या 10 रेणूंचं आयोडीन बदललं. तीन शक्यता आहेत.

येणारा आयोडाइड समोरूनच, म्हणजे जाणाऱ्याच्याच बाजूनं शिरला, तर 10 ही रेणू पूर्वीच्याच मांडणीचे राहिले. 100 रेणू एकाच बाजूचे, वळण 100 टक्के, काहीच गेलं नाही.

बदल सपाट कार्बनातून झाला, तर 10 पैकी 5 मूळ मांडणीचे आणि 5 उलटे. आता 95 मूळ, 5 उलटे. पाच उलटे आणखी पाच मुळांचं वळण खाऊन टाकतात, राहिलं 90 टक्के. दहा बदलले, दहा टक्के वळण गेलं.

प्रत्येक बदलात मांडणी उलटली, तर 90 मूळ, 10 उलटे. दहा उलट्यांनी दहा मूळ निष्प्रभ केले, राहिलं 80 टक्के. दहा बदलले, वीस टक्के वळण गेलं.

म्हणजे वळण उतरण्याचा वेग आणि आयोडीन बदलण्याचा वेग यांचं गुणोत्तर पाहायचं. शून्य आलं तर समोरून, एक आलं तर सपाट कार्बनातून, दोन आलं तर दर वेळी पाठीमागून. जसजसा वेळ जातो तसतसे उलटलेले रेणूही पुन्हा बदलून मूळ बाजूला येऊ लागतात, आत गेलेलं किरणोत्सारी आयोडीनही बाहेर पडू लागतं, म्हणून हा हिशेब साध्या मोजणीवर न ठेवता वेगाच्या स्थिरांकांवर करावा लागतो. पण गाभा हाच. लंडनमध्ये मोजलेलं गुणोत्तर प्रायोगिक त्रुटीच्या मर्यादेत दोन आलं. एकही बदल पाठीमागचा रस्ता सोडून झालेला दिसला नाही.

आता नीट पाहा. या नळीत शेवटी काय उरलं? वळण शून्य, म्हणजे रेसिमिक मिश्रण. आणि ते तयार झालं पूर्णपणे एसएन-टूच्या वाटेनं, एकही सपाट कार्बन न बनता. प्रत्येक रेणू काटेकोरपणे उलटत राहिला, काही रेणू पुन्हा पुन्हा उलटले, आणि दोन्ही बाजूंची संख्या समान झाल्यावर उलटापालट चालू असूनही वळणाला हलायला जागा उरली नाही. म्हणून ‘रेसिमायझेशन दिसलं, तेव्हा एसएन-वन’ हा तर्क चुकीचा आहे. एका रेणूच्या एका बदलात काय झालं आणि नळीतल्या सगळ्या रेणूंचं मिळून काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इन्व्हर्जन हे पहिल्याचं उत्तर असू शकतं, तर रेसिमायझेशन नेहमी दुसऱ्याचं.

प्रयोगशाळेत याचा फटका अगदी साध्या रूपात बसतो. 2-ब्रोमोऑक्टेनवर दुसऱ्याच कुठल्या आयनाची क्रिया करायची असते आणि शुद्ध उलट मांडणीचा पदार्थ हवा असतो. क्रिया पुढे सरकते तसं ब्रोमाइड बाहेर पडतं आणि द्रावणात साचतं. हे ब्रोमाइड न संपलेल्या 2-ब्रोमोऑक्टेनला पाठीमागून उलटवत राहतं. मग येणारा आयन त्या उलटलेल्या रेणूंना पुन्हा उलटवतो, आणि उत्पादनात चुकीच्या बाजूचा वाटा शिरतो. मुख्य क्रिया शंभर टक्के इन्व्हर्जननं झाली असली तरी बाटलीतला पदार्थ शंभर टक्के एका बाजूचा नसतो. असा संशय आला तर क्रिया मध्येच थांबवून उरलेलं 2-ब्रोमोऑक्टेन परत काढावं आणि त्याचं वळण पाहावं. ते कमी झालेलं दिसलं तर घोटाळा सुरुवातीच्या पदार्थात झाला, उत्पादन बनण्याच्या पायरीत नाही.

एसएन-वनच्या बाजूला गोष्ट आणखी गुंतते. त्यासाठी 1-फिनाइलइथाइल क्लोराइड हे उदाहरण उत्तम. यात कायरल कार्बनाला क्लोरीन, हायड्रोजन, मिथाइल आणि बेंझिनचं कडं जोडलेलं असतं. क्लोरीन निघून गेल्यावर राहणारा धनभार बेंझिनच्या कड्यावर पसरतो, म्हणून हा कार्बन एकट्यानं क्लोरीन सोडायला तयार होतो. पाणी आयनांना भोवती घेरून स्थिर करतं, त्यामुळे पाणीमिश्रित द्रावणात हे सोपं जातं. चार भाग ॲसिटोन आणि एक भाग पाणी अशा द्रावणात त्याचं हळूहळू 1-फिनाइलइथेनॉल होतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. किती सुटलं ते टायट्रेशननं मोजता येतं. द्रावणात थोडं हायड्रॉक्साइड घातलं तरी वेगात फारसा फरक पडत नाही. सगळी लक्षणं एकरेणवी वाटेची.

वळण पाहिलं तर उत्पादन सुमारे 98 टक्के रेसिमिक असतं. उरलेले दोन टक्के उलट्या मांडणीचे. 100 रेणू धरले तर 98 मधले 49 मूळ आणि 49 उलटे, अधिक 2 उलटे. म्हणजे 51 विरुद्ध 49. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष करावं असं वाटेल, पण तो नेहमी उलट्या बाजूलाच झुकतो, मूळ बाजूला नाही. आणि नुसत्या पाण्यात हाच प्रयोग केला तर उलट्या मांडणीचा वाटा आणखी वाढतो.

कारण असं, की क्लोराइड सुटलं म्हणजे लगेच दूर गेलं असं होत नाही. काही काळ ते धनभारित कार्बनाच्या त्याच बाजूला घुटमळतं, दोघांची जोडी असते. त्या क्षणी पाण्याचा रेणू आला तर त्याला मोकळी बाजू पाठीमागचीच मिळते. क्लोराइड पुरतं दूर गेल्यावर आलेल्या पाण्याला दोन्ही बाजू सारख्या. म्हणून द्रावक किती लवकर आणि किती जोरानं झडप घालतो आणि धनभारित कार्बन किती काळ तग धरतो, यावर रेसिमायझेशनचं प्रमाण ठरतं. अगदी पन्नास-पन्नास मिळायला आयन दीर्घायुषी हवा. तो अल्पायुषी असेल तर एसएन-वनमध्येही उलटी मांडणी बरीच दिसते.

अमेरिकेत सॉल विन्स्टाइन यांनी 1950 च्या दशकात या जोड्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांच्या कामातली एक खूण फार उपयोगी आहे. काही क्रियांमध्ये वळण उतरण्याचा वेग ॲसिड सुटण्याच्या वेगापेक्षा जास्त निघतो. म्हणजे काही रेणूंत हॅलोजन सुटतो, पण दूर जायच्या आत दुसऱ्या बाजूनं परत जोडला जातो. उत्पादन बनलेलंच नसतं, तरी वळण मात्र गेलेलं असतं. टायट्रेशन आणि पोलॅरिमीटर हे दोन्ही चालवल्याशिवाय हे कळत नाही. एकट्या पोलॅरिमीटरचा आकडा पाहून उत्पादन बनण्याची पायरी रेसिमायझेशनची आहे असं म्हटलं, तर दोष चुकीच्या पायरीवर जाईल.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘बेंझिन शेजारी आहे, म्हणजे एसएन-वन’ असंही ठोक सांगता येत नाही. ह्यूज यांच्या गटानं 1-फिनाइलइथाइल ब्रोमाइड ॲसिटोनमध्ये घेतलं आणि त्यावर किरणोत्सारी ब्रोमाइडनं तोच प्रयोग केला. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड, बाकी रेणू तोच, बेंझिनचं कडं तेच. पण कोरड्या ॲसिटोनमध्ये मोकळ्या आयनांना आधार नाही आणि ब्रोमाइड आयन मात्र पुढे सरसावून येतो. इथे पुन्हा प्रत्येक बदलाला एक उलटापालट असं प्रमाण निघालं. कार्बन तोच, पाण्यात तो एका वाटेनं जातो, ॲसिटोनमध्ये दुसऱ्या. रेणूकडे पाहून अर्धंच उत्तर मिळतं, उरलेलं अर्धं द्रावकाकडे आणि येणाऱ्या आयनाकडे पाहावं लागतं.

तेव्हा हाती कायरल अल्किल हॅलाइड असेल आणि ते कुठल्या वाटेनं गेलं हे ठरवायचं असेल, तर मी आधी वेग पाहीन: येणाऱ्या आयनाचं प्रमाण दुप्पट केल्यावर वेग दुप्पट होतो का. मग उत्पादनाचं वळण, आणि त्याची तुलना शुद्ध उत्पादनाच्या ज्ञात वळणाशी, मांडण्यांचं नातं आधी पक्कं करून. त्यानंतर अर्ध्या वाटेवर उरलेलं हॅलाइड परत काढून त्याचंही वळण. ते जसंच्या तसं असेल आणि उत्पादन मात्र जवळपास रेसिमिक असेल, तेव्हाच सपाट कार्बनाचा संशय घट्ट होतो. हॅलाइडचंच वळण उतरलेलं असेल, तर आधी द्रावणातला मोकळा हॅलाइड आयन वाढवून पाहावा. त्यानं उतरणी सरळ प्रमाणात वाढली, तर तो 2-आयोडोऑक्टेनचाच खेळ चालू आहे, आणि प्रत्येक फेरीत मांडणी उलटतेच आहे.